कोरड्या माफीपत्रात ओलावा कसा आणायचा

भाषांतराच्या कामात नवीन असताना सगळ्यात सोपं वाटणारं आणि सगळ्यात जास्त बिघडणारं काम म्हणजे माफीचं पत्र. माल उशिरा पोचलाय, कंपनीने इंग्रजीत एक व्यवस्थित मेल लिहिलाय, तो मराठीत करून द्यायचा, दहा-बारा ओळी असतात, अर्ध्या तासात होतं असं वाटतं. आणि होतंही, पण ते वाचून समोरचा माणूस शांत व्हायच्या ऐवजी आणखी चिडतो. व्याकरण बरोबर, अर्थही बरोबर, पण पत्र कोरडं. हा कोरडेपणा नेमका कुठून येतो आणि तो काढायचा कसा हे मी एका खऱ्या कामावरून सांगते, म्हणजे नुसते नियम पाठ करायला नकोत.

मी सांगलीत राहून इंग्रजी-मराठीचं काम करते. मार्च महिन्यातली गोष्ट. पुण्याकडची एक पुठ्ठ्याचे बॉक्स बनवणारी कंपनी, तिने तासगावच्या बाजूच्या एका बेदाणा व्यापाऱ्याला १५ किलोचे ५,००० बॉक्स द्यायचे होते ४ मार्चला. त्यातले ३,००० पोचले १३ मार्चला आणि २,००० अजून बाकी. आता ज्याला आपला भाग माहीत आहे त्याला हे नऊ दिवस म्हणजे काय ते सांगायला नको. शेडवर बेदाणा तयार होऊन पडलाय, प्रतवारी झालीये, भरायला बॉक्स नाहीत, बॉक्स नाहीत म्हणून कोल्ड स्टोरेजला टाकता येत नाही, आणि वर मार्चमधलं आभाळ, एक अवकाळी सर आली किंवा नुसती दमट हवा बसली तरी मालाचा रंग जातो आणि रंग गेला की सौद्यात दर जातो.

कंपनीच्या इंग्रजी मेलवरून मी जे पहिलं मराठी करून दिलं ते असं होतं:

"मा. महोदय, आपल्या मागणीच्या पुरवठ्यामध्ये झालेल्या विलंबामुळे आपणास झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही मनःपूर्वक दिलगिरी व्यक्त करू इच्छितो. आपल्या छपाई प्लेटमध्ये आढळून आलेल्या त्रुटीमुळे सदर खोक्यांची पाठवणी नियोजित वेळेत करण्यात येऊ शकली नाही. आपण दाखविलेल्या संयमाची आम्ही प्रशंसा करतो. उर्वरित २,००० खोक्यांचा पुरवठा २० मार्चपर्यंत करण्यात येईल याची कृपया खात्री बाळगावी. सदिच्छा म्हणून संपूर्ण मागणीवर वाहतूक शुल्क आकारले जाणार नाही. यापुढे छपाईपूर्वी नमुना मंजुरीसाठी पाठविण्यात येईल. आपला विश्वासू."

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या सेल्स मॅनेजरचा फोन. व्यापारी भडकलाय. "प्लेट माझी कधी झाली वो? तुम्हीच बनवली, तुम्हीच चुकवली, आन् आता पत्रात माझ्या नावावर टाकताय व्हय?" असं त्यांनी मॅनेजरला ऐकवलं होतं. मी पत्र परत उघडून बघितलं आणि मला ते लगेच दिसलं. "आपल्या छपाई प्लेटमध्ये आढळून आलेल्या त्रुटीमुळे." इंग्रजीत होतं तुमच्या बॉक्सची प्लेट, मी तिथे सवयीने 'आपल्या' टाकलं, आणि बॉक्स हा शब्दच मधून गळला.

म्हणून सगळ्यात आधी 'आपण'चं बघा, कारण मराठीत हा शब्द तीन कामं करतो. आदराने समोरच्याला म्हणायचं तेव्हा आपण. तू आणि मी मिळून म्हणायचं तेव्हाही आपण. आणि ज्याचं त्याचं म्हणायला आपला, जसं तो आपल्या घरी गेला. एरवी बोलताना संदर्भाने कळतं, पण उशिराच्या पत्रात 'चूक', 'त्रुटी', 'विलंब' हे शब्द असतात आणि त्यांच्या शेजारी 'आपल्या' आलं की चूक कुणाची हा प्रश्न उघडा राहतो, आणि चिडलेला माणूस तो प्रश्न स्वतःच्या विरुद्धच वाचतो. पत्रात आपण, आपला, आपणास जिथे जिथे आहे तिथे पेन्सिलने गोल करायचा आणि प्रत्येक ठिकाणी विचारायचं, इथे 'तुमचं' घातलं तर काय होतं, 'आमचं' घातलं तर काय होतं. दोन्ही बसत असतील तर तो 'आपला' काढायचाच. व्यापारी, शेतकरी, दुकानदार यांना लिहिताना सरळ 'तुम्ही' आणि 'आम्ही' वापरा. 'तुम्ही'मध्ये आदर कमी होत नाही, आपल्याकडे सासऱ्याला, मास्तरांना, डॉक्टरांना सगळ्यांना आपण तुम्हीच म्हणतो की.

पण त्याच्याही आधी एक काम आहे जे मी त्या वेळी केलं नव्हतं आणि आता कधीच सोडत नाही. मूळ इंग्रजी मजकूर समोर घेऊन त्यातल्या ज्या गोष्टी हलवायच्या नाहीत त्या वेगळ्या काढायच्या. आकडे, तारखा, रक्कम, कोण काय करणार, कधीपर्यंत, आणि चूक कुणाची म्हटलंय. या पत्रात त्या होत्या: ३,००० बॉक्स, ४ ऐवजी १३ मार्च, बाकी २,०००, २० मार्चपर्यंत, गाडीभाडं माफ संपूर्ण ऑर्डरवर, यापुढे छपाईआधी नमुना दाखवणार. हे एका कागदावर लिहून ठेवा. टोन बदलताना बाकी सगळी वाक्यं मोडा, जोडा, मागेपुढे करा, पण शेवटी हा कागद आणि नवं पत्र शेजारी ठेवून एकेक गोष्ट जुळवायची. ओलाव्याच्या नादात सगळ्यात जास्त इथे गडबड होते. '२० मार्चपर्यंत'चं '२० मार्चला' होतं, 'नक्की' हा शब्द कुठूनतरी आत येतो आणि कंपनीने न दिलेलं वचन तुम्ही देऊन बसता.

तो कागद करत असतानाच जे प्रश्न पडतात ते काम देणाऱ्याला विचारून घ्यायचे, लिहायच्या आधी. मी नंतर विचारले ते चार होते. प्लेटची चूक नक्की कुणाची, आणि ती तुमची असं सरळ लिहिलेलं चालेल का? या माणसाला तुम्ही फोनवर काय म्हणता? मधल्या नऊ दिवसांत त्यांचे फोन आले होते का आणि तुम्ही काय सांगितलं? आणि चौथा, इंग्रजीत २० मार्चपर्यंत डिस्पॅच असं आहे, म्हणजे त्या दिवशी माल पुण्याहून निघणार की तासगावात उतरणार? हा चौथा प्रश्न मी पहिल्यांदा विचारलाच नव्हता कारण 'पुरवठा करण्यात येईल' या वाक्यात तो प्रश्न पडतच नाही, ते वाक्य दोन्हीकडे चालतं. अशी ऐसपैस वाक्यं भाषांतर करणाऱ्याला सोयीची असतात, वाचणाऱ्याला नाही.

उत्तरं अशी मिळाली. चूक आमच्या छपाई विभागाची, तसं लिहा, मालकांना विचारलंय. फोनवर आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. हो, त्यांनी चार वेळा फोन केला, आम्ही दरवेळी दोन दिवसांत करतो म्हणालो. आणि २० तारखेपर्यंत पुण्याहून निघणार.

चूक कबूल करायची की नाही हे भाषांतर करणाऱ्याने ठरवायचं नसतं, ही गोष्ट मनात पक्की ठेवा. व्यवहार मोठा असेल, भरपाईचा वाद उभा राहायची शक्यता असेल तर पत्रातला एकेक शब्द पुढे कामाला येतो. भारतीय करार कायदा १८७२, त्याचं कलम ५५ वेळेवर न झालेल्या कामाबद्दलच आहे आणि त्यात असंही आहे की वेळ महत्त्वाची असलेल्या करारात उशिरा आलेला माल समोरच्याने स्वीकारला आणि स्वीकारतानाच भरपाई मागणार असल्याची सूचना दिली नाही तर नंतर त्या उशिराची भरपाई मागता येत नाही. म्हणजे "आपण माल स्वीकारलात याबद्दल आभार" असं एखादं गोड वाक्य मूळात असेल तर ते काढायचं नाही आणि मूळात नसेल तर आपल्या मनाने घालायचं नाही. शंका आली की विचारा.

आता माफीचा शब्द. इथे आपल्याला एक सोय आहे, आपल्याकडे चार-पाच वेगवेगळ्या वजनाचे शब्द आहेत. 'क्षमस्व' हा पाटीवरचा शब्द झालाय, रस्ता खणलाय, मशीन बंद आहे, गैरसोयीबद्दल क्षमस्व, त्यामुळे पत्रात तो दिसला की पाटी आठवते आणि पाटीला कुणी माणूस समजत नाही. 'दिलगिरी व्यक्त करतो' हा संस्थेचा शब्द. खरं तर दिलगीर म्हणजे मनाला लागलेला, फारसीतून आलेला चांगला शब्द आहे, पण इतकी वर्षं परिपत्रकांतून फिरून त्यातलं मन निघून गेलंय, आणि वर आपण 'व्यक्त करू इच्छितो' लावतो, म्हणजे अजून केलेली नाही, इच्छा आहे. 'सॉरी' बोलताना ठीक, फोन उचलायला उशीर झाला तर, पण हंगामातला नऊ दिवसांचा खोळंबा आणि कागदावर सॉरी म्हटलं तर ते फार हलकं पडतं. 'माफी मागतो' यात एक माणूस दुसऱ्यासमोर उभा राहतो, मागणारा कोण ते दिसतं, बहुतेक पत्रांना हाच शब्द बरोबर बसतो. आणि 'आमचं चुकलं' हा सगळ्यात जवळचा आणि सगळ्यात जड, कारण त्यात काही मागितलेलं नसतं, फक्त मान्य केलेलं असतं. तो पत्रात एकदाच वापरायचा, नेमक्या गोष्टीसाठी, आणि काम देणाऱ्याची परवानगी असेल तरच.

'मनःपूर्वक' काढून टाका. आपल्याकडे मनःपूर्वक अभिनंदन असतं, मनःपूर्वक आभार असतात, फ्लेक्सवर असतात. माफीसमोर ते आलं की वजन वाढत नाही, उलट समारंभाचा वास येतो. "वाईट वाटतंय" हेही जपून, मराठीत ते कुणी गेलं असेल, आजारी असेल तेव्हा म्हणतो, बॉक्स उशिरा आल्यावर कुणी असं म्हणत नाही.

मात्र नुसता माफीचा शब्द बदलून पत्र बदलत नाही, आणि नवीन माणसं इथेच थांबतात. दिलगिरीच्या जागी माफी घातली, महोदयच्या जागी अण्णा घातलं, झालं असं वाटतं. कोरडेपणा खरा असतो क्रियापदात. परत वर जाऊन माझं पहिलं पत्र बघा, त्यात काम करणारा माणूसच नाहीये. विलंब झालेला आहे, गैरसोय झालेली आहे, त्रुटी आढळून आली आहे, पाठवणी करण्यात येऊ शकली नाही, शुल्क आकारले जाणार नाही, नमुना पाठविण्यात येईल. सगळं आपोआप घडतंय. 'आम्ही' दोनदाच आलंय, एकदा दिलगिरीची इच्छा करायला आणि एकदा प्रशंसा करायला. म्हणजे गोड बोलायला आम्ही हजर आणि चुकायच्या वेळी कुणीच नाही, आणि वाचणाऱ्याला हे शब्दात सांगता आलं नाही तरी बरोबर जाणवतं.

म्हणून पुढची पायरी ही की पत्रातली 'करण्यात येईल', 'आकारले जाणार नाही', 'आढळून आले' अशी सगळी वाक्यं शोधायची आणि प्रत्येकाला विचारायचं, कोण? उत्तर 'आम्ही' असेल तर वाक्य आम्हीने बांधायचं. पाठविण्यात येईल म्हणजे आम्ही पाठवू. आकारले जाणार नाही म्हणजे आम्ही घेणार नाही. यात अजून एक बारीक जागा आहे. 'उशीर झाला', 'आमच्याकडून उशीर झाला', 'आम्ही तुम्हाला थांबवलं' ही तीन वाक्यं ओळीने म्हणून बघा. पहिल्यात उशीर पावसासारखा आला. दुसऱ्यात आम्ही दिसतो, आणि रोजच्या बोलण्यात हे वाक्य पुरेसं प्रामाणिक आहे, बऱ्याच पत्रांत मी हेच ठेवते. तिसऱ्यात आम्ही काय केलं आणि ते कुणाच्या बाबतीत केलं हे दोन्ही आहे. अण्णांच्या पत्रात मी तिसरं घेतलं कारण कंपनीने चूक स्पष्ट मान्य केली होती. तशी मान्यता नसेल तर दुसऱ्यावर थांबा.

त्याच्या जोडीला नामांची माळ सोडवायची. "मागणीच्या पुरवठ्यामध्ये झालेल्या विलंबामुळे आपणास झालेल्या गैरसोयीबद्दल" हे एका श्वासात वाचून दाखवा कुणाला. इंग्रजीत ती माळ पुढून वाचली तरी चालते, मराठीत क्रियापद शेवटी येतं म्हणून वाचणारा शेवटपर्यंत सगळं हातात धरून बसतो आणि त्याला मिळतं काय, तर 'इच्छितो'. ही माळ तोडून दोन वाक्यं करायची आणि पहिल्या वाक्यात त्याच्या डोळ्यासमोर जे घडलं तेच सांगायचं, त्याच्याच शब्दांत. खोकी म्हणू नका, बाजारात बॉक्सच म्हणतात. मागणी नाही, ऑर्डर. वाहतूक शुल्क नाही, गाडीभाडं. "तुमचे ३,००० बॉक्स ४ मार्चला मिळायला हवे होते, ते १३ मार्चला मिळाले." इतकं साधं वाक्य, पण यात काय झालं ते कंपनीला नीट माहीत आहे हे कळतं, आणि 'गैरसोय' या शब्दाची गरजच उरत नाही.

गैरसोयीच्या जागी खरं नुकसान लिहायचा मोह होतो, बेदाणा शेडवर पडून राहिला, रंग गेला असेल, दर गेला असेल. तिथे आवरा. कंपनीच्या मेलमध्ये नुकसानाचा उल्लेख नव्हता आणि माल खरंच खराब झाला की नाही हे मला माहीत नव्हतं. मी मॅनेजरला विचारून फक्त 'ऐन बेदाण्याच्या हंगामात' एवढंच घातलं. त्यातून अण्णांना कळतं की या लोकांना माझी अडचण कळते, आणि कंपनी न झालेलं नुकसान स्वतःच्या अंगावर घेत नाही.

कारण कुठे द्यायचं? माफीनंतर, आणि मध्ये 'पण' न ठेवता. "आम्ही माफी मागतो, पण प्लेटमध्ये" असं झालं की पणच्या आधीचं सगळं पुसलं जातं. 'अपरिहार्य कारणास्तव', 'तांत्रिक अडचणीमुळे' हे तर लिहूच नका, मूळात तसंच मोघम असेल तर काम देणाऱ्याला विचारा की खरं कारण सांगता येईल का, नाही म्हणाले तर कारणाचं वाक्य छोटं करा. कारण दोन वाक्यांपेक्षा मोठं झालं की ती कैफियत होते.

आणि "आपण दाखविलेल्या संयमाची आम्ही प्रशंसा करतो." हे वाक्य इंग्रजीत चालतं, तिथे ती रीतच आहे, मराठीत ते जखमेवर लागतं. अण्णांनी चार वेळा फोन केला होता, त्यांनी संयम दाखवला नव्हता, त्यांना उत्तर मिळत नव्हतं. अशा वाक्याचं भाषांतर करायचं नाही, त्याचं मराठीतलं काम शोधायचं. ते वाक्य तिथे कशाला होतं? तुम्हाला थांबावं लागलं हे आम्हाला दिसलं, हे सांगायला. मग तेच सांगा. "समजून घ्याल ही अपेक्षा", "सहकार्य करावे ही विनंती" ही पण त्यातलीच, चूक आपली आणि काम समोरच्याला.

आता मी मधे एक चूक केली तीही सांगते कारण ती सगळे करतात. पहिलं पत्र कोरडं ठरलं म्हटल्यावर मी दुसरा मसुदा एकदम दुसऱ्या टोकाला नेला. "अण्णा, तुम्ही तर आमच्या घरातलेच, मोठ्या मनाने या लेकरांना पदरात घ्याल याची खात्री आहे." मॅनेजरने वाचलं आणि म्हणाला, "ताई, हे पाठवलं तर ते म्हणतील घरातला म्हणता तर मग पहिली गाडी मला का दिली नाही?" अगदी बरोबर होतं त्याचं. पैसे अडकलेल्या माणसाला नातं सांगायचं नसतं, नातं त्याने सांगायचं असतं. जास्त झालं की नाही हे ओळखायची माझी खूण अशी, जे वाक्य काढल्यावर वाचणाऱ्याची एकही माहिती कमी होत नाही आणि फक्त आपल्याला बरं वाटायचं थांबतं, ते वाक्य जास्तीचं. त्या मसुद्यात अशी तीन वाक्यं निघाली.

संबोधनात सुद्धा हेच. अण्णा, आप्पा, तात्या, दादा, शेठ हे आपल्याकडे व्यवहारात सर्रास चालतं, पण जो लिहितोय तो प्रत्यक्षात तसं म्हणत असेल तरच. म्हणत नसेल तर आडनावापुढे साहेब किंवा नावापुढे राव लावा, तेवढं पुरतं. नुसतं 'महोदय' म्हणजे मात्र नाव माहीत नाही असा अर्थ होतो, आणि पाच हजार बॉक्सची ऑर्डर देणाऱ्याचं नाव माहीत नसणं शोभत नाही.

शेवटी जे पत्र गेलं ते हे:

"नमस्कार अण्णा,

तुमचे १५ किलोचे ३,००० बॉक्स ४ मार्चला मिळायला हवे होते, ते १३ मार्चला मिळाले. ऐन बेदाण्याच्या हंगामात आम्ही तुम्हाला नऊ दिवस थांबवलं, याबद्दल तुमची माफी मागतो.

तुमच्या बॉक्सवर छापण्यासाठी आमच्या छपाई विभागाने बनवलेल्या प्लेटमध्ये चूक होती आणि ती आमच्या उशिरा लक्षात आली. नवीन प्लेट बनवण्यात हे दिवस गेले. या काळात तुम्ही चार वेळा फोन केलात आणि आम्ही तुम्हाला एकदाही पक्की तारीख दिली नाही, हे आमचं चुकलं.

राहिलेले २,००० बॉक्स २० मार्चपर्यंत पुण्याहून निघतील. या संपूर्ण ऑर्डरचं गाडीभाडं आम्ही घेणार नाही. यापुढे छपाईच्या आधी नमुना तुम्हाला पाठवू, तुम्ही हो म्हटल्यावरच छापायला घेऊ.

काहीही विचारायचं असेल तर मला थेट फोन करा."

आणि खाली मॅनेजरचं नाव, नंबर. आपला विश्वासू नाही, कळावे लोभ असावा नाही. फोनचं वाक्य मूळ मेलमध्ये नव्हतं, ते मॅनेजरने स्वतः घालायला सांगितलं, आणि फोनबद्दलचं चुकलं हे वाक्यही त्याने मालकांना वाचून दाखवून मगच ठेवलं. ही दोन वाक्यं मी माझ्या मनाने घातली असती तर पत्र तेवढंच चांगलं वाचलं असतं आणि तरीही ते चुकीचं भाषांतर झालं असतं.

पाठवायच्या आधी पत्र मोठ्याने वाचायचं, आणि संगणकावर बघून वाचायचं नाही, स्वतःच्या फोनवर व्हॉट्सॲपला पाठवून तिथे वाचायचं, कारण तो माणूस ते तिथेच वाचणार आहे, कदाचित शेडवर उभा राहून, हमालांशी बोलता बोलता. फोनच्या पडद्यावर पहिल्या तीन-चार ओळींत काय झालं आणि माफी हे दोन्ही आलं पाहिजे. वाचताना जिथे तुमची जीभ अडखळते किंवा आवाज आपोआप बातम्या दिल्यासारखा होतो ती जागा अजून कोरडी आहे. माझी ती 'नवीन प्लेट बनवण्यात' इथे होती, आधी तिथे 'प्लेटच्या पुनर्निर्मितीसाठी लागलेल्या कालावधीमुळे' असं होतं.

सगळ्याच पत्रांना एवढं जवळ जायचं नसतं हेही लक्षात ठेवा. मागे साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या खरेदी विभागासाठी असंच उशिराचं पत्र केलं होतं, ते पत्र फाइलला लागणार होतं, तीन टेबलं फिरणार होतं. तिथे मी 'दिलगीर आहोत' ठेवलं, 'आपण' पण ठेवलं, फक्त चूक, त्रुटी या शब्दांजवळचे 'आपल्या' तेवढे काढले आणि 'करण्यात येईल'चं 'आम्ही करू' केलं. पत्र औपचारिकच राहिलं, पण जबाबदारी कुणाची ते दिसत होतं, आणि खरेदी विभागाला तेच हवं असतं. म्हणजे शब्द किती घरगुती घ्यायचे हे वाचणाऱ्यावर ठरतं, क्रियापदाला कर्ता मात्र दोन्हीकडे लागतोच.

अण्णांचं उत्तर त्याच संध्याकाळी मॅनेजरला आलं, त्याने मला पुढे पाठवलं. एकच ओळ होती, "बरं. २० ला रात्री निघणार म्हंजे २१ ला सकाळी हमाल सांगून ठेवतो, गाडीवाल्याचा नंबर द्या." तेव्हापासून माझ्या प्रश्नांच्या कागदावर पाचवा प्रश्न असतो, गाडी किती वाजता निघणार आणि ड्रायव्हरचा नंबर पत्रात घालायचा का.